विज्ञान प्रकल्पावर अभिप्राय कसा लिहावा: एक खरी जमेची बाजू, एक नेमकी सुधारणा

शाळेत विज्ञान प्रदर्शन असतं. माजी विद्यार्थी, पालक किंवा नव्याने रुजू झालेले शिक्षक म्हणून तुम्हाला बोलावलेलं असतं. हातात कोऱ्या चिठ्ठ्या देऊन कुणीतरी सांगतं, "सर, प्रत्येक प्रकल्पाखाली दोन ओळी लिहा. एक चांगली गोष्ट, एक सुधारणा." पहिल्या तीन प्रकल्पांवर "छान प्रयत्न, अजून मेहनत घे" असं लिहून होतं. चौथ्यावर लक्षात येतं की आपण सगळ्यांना एकच ओळ लिहितोय आणि ती वाचून मुलाने उद्या काय करायचं, हे आपल्यालाच सांगता येणार नाही.

या दोन ओळी कशा काढायच्या, ते एकाच प्रकल्पावर शेवटपर्यंत करून पाहू. प्रकल्प मुद्दाम सोलापूरच्या उन्हाळ्यातला आणि घरोघरी दिसणारा घेतला आहे. आठवीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे: "माठातलं पाणी गार का होतं?"

## लागणारं साहित्य

- मुलीची कच्ची वही. फलकावरचा सुबक तक्ता नव्हे, ज्यात तिने पेन्सिलीने आकडे टिपले ती वही.
- एका प्रकल्पासाठी पंधरा मिनिटं. पाच मिनिटांत फक्त थर्माकोल बघून होतो.
- साधा कागद आणि पेन्सिल. चिठ्ठीवर थेट लिहू नका, आधी कच्चं लिहा.
- मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. एक गुणाकार आणि एक भागाकार करायचा आहे.

## १. आधी आकडे वाचा, सजावट नंतर

मुलीने पाच लिटर पाणी माठात आणि पाच लिटर स्टीलच्या पातेल्यात भरलं. दोन्ही झाकून पत्र्याच्या खोलीत खिडकीजवळ शेजारी-शेजारी ठेवली आणि एकाच थर्मामीटरने दर दोन तासांनी तापमान घेतलं. एप्रिलमधल्या एका दिवसाच्या नोंदी अशा आहेत (सगळे आकडे अंश सेल्सिअस):

| वेळ | खोलीतली हवा | माठ | स्टील |
|---|---|---|---|
| सकाळी १० | ३६ | ३१ | ३१ |
| दुपारी १२ | ३८ | २८ | ३३ |
| दुपारी २ | ४० | २६ | ३५.५ |
| दुपारी ४ | ४० | २५.५ | ३७ |

निष्कर्षात तिने लिहिलं आहे: "माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर येऊन त्याची वाफ होते, त्यामुळे माठातलं पाणी गार होतं. स्टीलला छिद्रं नसतात, म्हणून त्यातलं पाणी गार होत नाही."

निष्कर्ष बरोबर आहे, आणि नवखा परीक्षक नेमका इथेच फसतो. उत्तर पुस्तकातल्यासारखं दिसलं की मान डोलावून तो पुढच्या टेबलाकडे जातो. पण "उत्तर बरोबर आहे का" हा तुमचा प्रश्न नाही. "हे उत्तर या आकड्यांवरून निघतं का" हा तुमचा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पुढचं सगळं त्यांच्यातल्या फरकावरच उभं आहे.

## २. जमेची बाजू शोधा: कोणती गोष्ट काढली तर प्रकल्प पडेल?

कौतुकासाठी पहिल्यांदा जे सुचतं ते बहुतेक वेळा बाजूला ठेवावं लागतं. "मांडणी आकर्षक" हे मुलीच्या मामाचं कौतुक असू शकतं. "खूप मेहनत घेतली" हे तुम्ही पाहिलेलं नाही. "विषय चांगला निवडला" ही मेहेरबानी बहुधा बाईंची असते.

त्याऐवजी प्रकल्पातली एकेक गोष्ट मनातल्या मनात काढून टाका आणि उरलेलं किती उभं राहतं ते बघा. माठाचं चित्र काढलं, काही बिघडलं नाही. लाल-निळा आलेख काढला, तरी तक्ता आहेच. आता "खोलीतली हवा" हा रकाना झाका. उरलं काय? माठातलं पाणी ३१ वरून २५.५ वर आलं, एवढंच. कुणीही म्हणेल, "सावलीत ठेवलं होतं ना, म्हणून गार झालं." आणि त्याला द्यायला तुमच्याकडे उत्तर नसेल.

रकाना परत उघडा. दुपारी चारला हवा ४० आणि पाणी २५.५, म्हणजे पाणी भोवतालच्या हवेपेक्षा साडेचौदा अंशांनी गार. नुसत्या सावलीने असं होऊच शकत नाही. सावलीतलं भांडं फार तर खोलीच्या तापमानापर्यंत येईल, त्याच्या खाली जाणार नाही. स्टीलचं पातेलं ३७ पर्यंत चढत गेलं, ते त्याच वाटेवर होतं. म्हणजे माठातून उष्णता कुणीतरी सतत बाहेर नेत होतं, तेही बाहेर जास्त गरम असताना. या रकान्यामुळेच सावलीचं स्पष्टीकरण बाद झालं.

ही खरी जमेची बाजू. मुलीला स्वतःला ती माहीत असण्याची शक्यता कमी आहे. तिने तो रकाना कदाचित सहज भरला असेल. म्हणून नुसतं "खोलीचं तापमान नोंदवलंस, छान" लिहून भागत नाही. त्या रकान्यामुळे काय कळलं, तेही लिहायचं. मग पुढच्या प्रकल्पात ती तो रकाना जाणूनबुजून ठेवेल.

एक मोह इथे होतो. स्टीलचं पातेलं तुलनेला ठेवलं, हीच जमेची बाजू म्हणावीशी वाटते. अर्ध्यापुरती ती आहेही. पण उरलेल्या अर्ध्यातच प्रकल्पाची खरी अडचण लपली आहे, म्हणून पातेल्याची स्तुती करण्याआधी पुढचा टप्पा वाचा.

## ३. सुधारणा शोधा: दुसरं कोणतं स्पष्टीकरण अजून जिवंत आहे?

निष्कर्ष थोडा वेळ खोटा माना आणि वर्गातल्या एखाद्या वाकड्या मुलाच्या जागी बसा. तो म्हणेल, "वाफेचं कशाला सांगतेस? माती मुळात थंड असते. आजीसुद्धा म्हणते, माती थंडावा देते." मुलीचे आकडे त्याला खोटं पाडतात का?

नाही पाडत. माठ आणि स्टीलचं पातेलं यांच्यात एकाच वेळी दोन फरक आहेत. एक, माठातून पाणी झिरपून बाहेर वाळतं, स्टीलमधून नाही. दोन, माठ मातीचा आहे, पातेलं धातूचं. पाणी गार झालं ते पहिल्या फरकामुळे की दुसऱ्या, हे या मांडणीतून वेगळं करता येत नाही. मुलीने निवडलेलं उत्तर बरोबर आहे, पण ते तिने पुस्तकातून उचललं आहे, प्रयोगातून नाही.

सुधारणा म्हणजे हे दोन फरक सोडवणारी एक कृती: तिसरं भांडं. तसाच, तेवढाच माठ, पण बाहेरून बंद केलेला. माती तीच, पाणी तेवढंच, जागा तीच. फक्त बाहेर येणारं पाणी वाळू द्यायचं नाही. थंडावा मातीचा असेल तर हा माठही गार होईल. वाफेचा असेल तर हा स्टीलच्या पातेल्यामागे चढत जाईल.

सुचवण्यासारखं अजून बरंच दिसेल: एकच दिवस मोजलं, दर तासाला नोंद हवी होती, आलेखाच्या अक्षांवर एकक नाही. हे सगळं खरं आहे, आणि ते सगळं आत्ता सोडून द्या. ही प्रत्येक गोष्ट दुरुस्त केली तरी वाकड्या मुलाचा प्रश्न तसाच उभा राहतो. तिसऱ्या माठाने तो सुटतो, म्हणून तोच लिहायचा.

शुद्धलेखनाबद्दल एक शब्द. सोलापुरात कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. "माटातलं पानी" असं लिहिलेलं दिसलं तर ती सुधारणा म्हणून लिहू नका. ती विज्ञानाची सुधारणा नाही, आणि एकुलती एक जागा त्यात वाया जाते.

## ४. सुचवलेली सुधारणा घरी जमेल का, ते तपासा

"आर्द्रतामापक वापरावा" असं लिहिणं सोपं असतं. ते उपकरण आणायचं कुठून, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. सुधारणा लिहिण्याआधी ती स्वतः करायची आहे असं समजून पायऱ्या मोजा. तिसऱ्या माठाच्या पायऱ्या अशा:

दोन्ही माठ एकाच कुंभाराकडचे, एकाच मापाचे आणि कोरे घ्यायचे. बाहेरून रंगवलेला किंवा चकाकी दिलेला शोभेचा माठ चालत नाही, त्याची छिद्रं आधीच बुजलेली असतात. घरातला जुना माठही टाळावा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांत साठतात, बाहेरून पांढरे डाग दिसतात आणि माठ गार करेनासा होतो. जुना आणि नवा असे दोन माठ तुलनेला घेतले तर पुन्हा दोन फरक एकत्र आलेच.

दोन्ही माठ रात्रभर पाणी भरून ठेवायचे. कोरा माठ आधी स्वतःच पाणी पितो, म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे फसवे येतात. सकाळी रिकामे करून एक माठ बाहेरून फडक्याने कोरडा पुसायचा आणि त्यावर स्वयंपाकघरातली चिकटणारी पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळायची. ती नसेल तर मोठी पॉलिथिनची पिशवी खालून वर चढवायची आणि गळ्याखाली सुतळीने आवळायची. बूड झाकायला विसरू नये, कारण तिथूनच सर्वांत जास्त झिरपतं. ऑइल पेंटचे दोन हात देणं हा दुसरा उपाय आहे, पण तो कोरड्या माठावर, रात्रभर भिजवण्याच्या आधी द्यावा लागतो. ओल्या मातीवर रंगाचे पापुद्रे सुटतात. मुलांसाठी फिल्म बरी.

मग तिन्ही भांडी पाच-पाच लिटर भरायची, झाकायची आणि आधीच्याच वेळापत्रकाने मोजायची. थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला. ताप बघायचा चालणार नाही, तो साधारण ३५ ते ४२ अंशांतच वाचतो. मोजण्याआधी पाणी एकदा ढवळायचं, कारण गार पाणी तळाशी बसतं. आकडा थर्मामीटर पाण्यात असतानाच वाचायचा. बाहेर काढला की ओला फुगा वाळायला लागतो आणि पारा खाली जातो. म्हणजे माठाचाच खेळ थर्मामीटरवर सुरू होतो.

खर्च फार तर दोन माठांचा, वेळ एका रात्रीचा आणि एका दिवसाचा. घरी जमतं, म्हणून सुधारणा लिहिण्याजोगी आहे.

## ५. आकड्याने स्वतःची खात्री करा

सुधारणा लिहिणाऱ्याला तिचं उत्तर साधारण कुठे येईल हे माहीत असावं, नाहीतर मुलगी आठवड्याने वही घेऊन आली की आपण गोंधळतो. कॅल्क्युलेटर इथे लागतो.

पाच लिटर पाणी साडेपाच अंशांनी गार करायला त्यातून सुमारे ५ × ४.२ × ५.५, म्हणजे ११५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो पाण्याची या तापमानाला वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. भागाकार केला तर साधारण ४८ ग्रॅम येतात. पाऊण वाटीहून कमी पाणी वाळलं तरी हिशोब पुरा होतो, म्हणजे वाफेचं स्पष्टीकरण ताकदीत कमी पडत नाही. प्रत्यक्षात माठ याच्या कितीतरी पट पाणी घालवतो, कारण ४० अंशांची हवा दिवसभर बाहेरून उष्णता आत ढकलत असते आणि तीही वाफेलाच बाहेर न्यावी लागते.

माठ कुठवर गार करू शकतो यालाही मर्यादा आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून पुठ्ठ्याने वारा घातला की पारा जिथे स्थिरावतो, त्याच्या खाली माठ जात नाही. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ही पातळी २२-२३ अंशांच्या आसपास येते. मुलीचा २५.५ हा आकडा या पातळीच्या थोडा वर आहे, म्हणून विश्वासार्ह वाटतो. एखाद्याने अशाच हवेत माठात १८ अंश लिहिले असते, तर आधी वही नीट बघावी लागली असती.

याच मर्यादेमुळे अभिप्रायात कधी करायचं हेही लिहावं लागतं. पावसाळी दिवशी हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली तर ती पातळी २७ वर येऊन ठेपते. माठ जेमतेम तीन अंश गार करणार, आणि उघड्या व झाकलेल्या माठांतला फरक थर्मामीटरच्या चुकीत बुडून जाणार. "पुन्हा करून बघ" एवढंच लिहिलं आणि मुलीने ते जुलैत केलं, तर तिला वाटेल की आपलं काहीतरी चुकलं.

## ६. आता चिठ्ठी लिहा

आठवीतल्या मुलीला "तू" म्हणा. "आपण तापमान नोंदविले आहे" असल्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी तिला सरकारी पत्रासारखी वाटते. आधी जमेची बाजू, मग सुधारणा, आणि दोन्हींच्या मध्ये "पण" नको. "पण" आला की आधीचं कौतुक वाचणाऱ्याच्या मनातून पुसलं जातं.

चिठ्ठी अशी होईल:

> तू दर वेळी खोलीचं तापमानही लिहिलंस, त्यामुळे माठातलं पाणी हवेपेक्षा १४.५ अंशांनी गार झालं हे दिसतं. नुसत्या सावलीने एवढं होत नाही, हे तुझ्या तक्त्यावरूनच सिद्ध होतं.
>
> माठ आणि स्टील यांच्यात मातीचाही फरक आहे आणि झिरपण्याचाही. कोणत्या फरकामुळे पाणी गार झालं ते वेगळं करायला तसाच दुसरा माठ घे, बुडासकट बाहेरून प्लास्टिक फिल्म गुंडाळ, आणि मे संपायच्या आत तिन्ही भांडी एकाच दिवशी मोज. कोणतं भांडं कुठल्या वाटेने जाईल, तो अंदाज मोजायच्या आधी वहीत लिहून ठेव.

एवढंच. शेवटची ओळ उगाच घातलेली नाही. अंदाज आधी लिहिला नाही तर आकडे आल्यावर सगळ्यांनाच "मला माहीत होतं" असं वाटतं.

## ७. चिठ्ठी दिल्यावर येणारे प्रश्न

पहिला प्रश्न हमखास येतो: "म्हणजे माझा निष्कर्ष चुकला का, सर?" उत्तर सरळ द्या. निष्कर्ष बरोबर आहे, तिथपर्यंत पोचायला पुराव्याची एक पायरी कमी आहे. तिसरा माठ ती पायरी. गुण कापले का, असंही ती विचारेल. तो निर्णय शाळेचा, चिठ्ठीत त्याचा उल्लेख करू नका.

दुसरा प्रश्न पालक विचारतात: "तिसऱ्या माठाऐवजी वजन केलं तर? घरी काटा आहे." हा चांगला पर्याय आहे. सकाळी आणि संध्याकाळी माठाचं वजन करून किती पाणी गेलं ते काढता येतं. फक्त भरलेला माठ सहा-सात किलोंचा होतो, म्हणून पाच किलोंचा काटा चालणार नाही, दहा किलोंचा लागेल. बुडातून ठिबकणारं पाणी ताटलीत धरून त्याचंही वजन परत मिळवावं लागेल, नाहीतर ठिबकलेलं पाणीही वाफ म्हणून मोजलं जाईल. शिवाय काट्यावरून पाणी गेलं एवढं कळतं, त्यामुळेच गारवा आला हे हिशोबाने पटवावं लागतं. आठवीसाठी झाकलेला माठ जास्त बोलका.

तिसरा प्रश्न आठवड्याने येतो, आणि तो सर्वांत चांगला असतो: "सर, झाकलेला माठपण थोडा गार झाला!" घाबरू नका, किती आणि केव्हा ते विचारा. भरल्यानंतर पहिल्या पंधरा मिनिटांत अर्धा-एक अंश उतरला असेल, तर तो रात्रभर भिजलेल्या मातीचा गारवा. फिल्म लावण्याआधी माठ बाहेरून वाळत होता, त्यामुळे त्याची भिंत नळाच्या पाण्यापेक्षा गार होती. पाण्याने तेवढा गारवा घेतला आणि पुढे तापमान चढू लागलं. अशा वेळी पहिली नोंद भरल्यावर पंधरा मिनिटांनी घ्यायला सांगा. दिवसभर हळूहळू उतरतच राहिलं असेल, तर फिल्म कुठेतरी सुटली आहे. माठ उचलून बुडाखालची जागा ओली आहे का ते तिलाच बघायला लावा.